न दिसणारी पंधरा पानं

संध्याकाळी सियालदहहून सुटलेली बनगावची किंवा राणाघाटची लोकल डमडम जंक्शनला पोचेपर्यंत तिच्यात पत्त्यांचा एखादा डाव रंगात आलेला असतो. समोरासमोरच्या बाकांवर चौघं, मधे मांड्यांवर पसरलेलं वर्तमानपत्र, आणि खेळ बहुतेक वेळा ‘ट्वेंटी नाइन’. सत्तीपासून एक्क्यापर्यंतची ३२ पानं घ्यायची. त्यात गुलाम सगळ्यांत मोठा, त्याचे तीन गुण. नव्वीचे दोन, एक्का आणि दश्शी यांचा एकेक. चार रंगांचे मिळून २८ होतात आणि शेवटच्या हाताचा एक धरून २९. कोलकात्यात नव्यानं राहायला आलेल्या मराठी माणसाला हा खेळ कुणीतरी आपणहून शिकवतं. आम्हालाही, डमडमच्या नागेरबाजारला घर घेतल्यावर पहिल्याच पावसाळ्यात, वरच्या मजल्यावरच्या जोडप्यानं शिकवला.

अडचण येते ती ते जोडपं वर निघून गेल्यावर. रात्री साडेआठला दोन्ही मोबाइल आतल्या खोलीत ठेवून बसणारी माणसं घरात दोनच असतात. आणि आपल्याला लहानपणापासून येणारे बहुतेक चांगले पत्त्यांचे खेळ दोघांचे नाहीत. मेंढीकोट चौघांचा, पाच-तीन-दोन तिघांचा, सावंतवाडीची १२० गोल पानांची दशावतारी गंजिफासुद्धा तिघांची. मग जोडपी काय करतात, तर चौघांचा खेळ दोघांत वाटून बघतात. चार-सहा डावांत कंटाळतात आणि पत्ते कपाटात जातात. आपल्याला खेळाची आवड नाही असा त्यांचा समज होतो. खरं तर त्यांनी निवडलेल्या खेळात, दोघंच उरल्यावर, एक गोष्ट मोडलेली असते. ती कोणती हे नीट कळलं तर कुठला खेळ घ्यावा आणि घेतलेला कसा बदलावा हे ज्याचं त्याला ठरवता येतं.

ट्वेंटी नाइनची ३२ पानं चौघांत वाटली की माझ्या हातात आठ येतात. उरलेली २४ कुठंतरी आहेत, पण कुणाकडे काय, ते माहीत नाही. तीच पानं दोघांत वाटली की माझ्याकडे सोळा येतात, आणि जी सोळा माझ्याकडे नाहीत ती सगळीच्या सगळी समोरच्याकडे. अंदाज बांधायला काही उरतच नाही. बदाम गुलाम माझ्याकडे नाही, म्हणजे तो नवऱ्याकडे आहे. नुसती वजाबाकी. तिघं असले की हीच वजाबाकी दोन माणसांची बेरीज सांगते, ती बेरीज कशी फुटली आहे ते सांगत नाही. त्या न सांगण्यावरच खेळ उभा असतो. तिसरा माणूस उठून गेला की ते न सांगणंही आपल्याबरोबर घेऊन जातो. उरतात ते उघडे पत्ते, फक्त धरायला अवघड असलेले.

उघडा खेळ वाईट असं मी म्हणत नाही. बुद्धिबळात काहीच लपलेलं नसतं, बंगालच्या बाघबंदीत नसतं, दोन्ही बाजूंना सोळा-सोळा सोंगट्या घेऊन खेळतात त्या शोलो गुटीतही नसतं. पण उघड्या खेळाचा निकाल कौशल्याच्या मागोमाग जातो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर याच कलकत्त्यात जॉन कोक्रेन हा बॅरिस्टर आणि महेशचंद्र बंदोपाध्याय हे वर्षानुवर्षं बुद्धिबळाचे डाव खेळले. त्यांतले पुष्कळ डाव लिहून ठेवलेले आहेत आणि बहुतेक कोक्रेननं जिंकले आहेत. त्या दोघांना बुद्धिबळाचंच वेड होतं, म्हणून हरणारा पुन्हा बसत राहिला. जोडप्यात दोघांनाही तसं वेड असलं तर उत्तमच, त्यांना हा लेख नको. नाहीतर एकच माणूस सतत हरतो, आणि तिसऱ्या आठवड्यात त्याला झोप येऊ लागते.

तर दोघांच्या खेळात काहीतरी लपवावं लागतं. आता लपवण्याचेही दोन प्रकार आहेत, आणि या लेखात मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. एक लपलेलं पान असं की जे समोरच्याला माहीत आहे आणि मला नाही. दुसरं असं की जे दोघांनाही माहीत नाही. पहिल्या प्रकारामुळे माणूस वाचावा लागतो: त्यानं हे पान का टाकलं, किती वेळ लावला, कुठला रंग टाळतोय. दुसऱ्या प्रकारामुळे दोघंही एकाच अंधारात असतात, त्यामुळे नवखा आणि मुरलेला यांच्यातलं अंतर कमी होतं. कुठल्याही दोघांच्या पत्त्यांच्या खेळात हे दोन प्रकार किती-किती आहेत, ते मोजा. खेळ आपल्याला जमेल का, याचं उत्तर तिथंच मिळतं.

‘सात-आठ’ हा आपल्याकडचा जुना दोघांचा खेळ यावर फार छान दाखवता येतो. पाच-तीन-दोनची तीच ३० पानं: चारही रंगांची अठ्ठीपासून एक्क्यापर्यंत, आणि सत्त्या दोनच, इस्पिकची आणि बदामची. एकूण हात पंधरा. वाटणारा सात हात करणार, दुसरा आठ. ज्याला आठ करायचे तो आपली पहिली पाच पानं बघून हुकूम बोलतो, मग बाकीची पानं वाटली जातात. रंगाला रंग द्यायचा. नसेल तर हुकूम मारायचा किंवा कुठलंही पान टाकायचं. दर डावाला वाटणी बदलते, त्यामुळे सात आणि आठ आलटून-पालटून येतात.

पंधराही पानं हातात घेऊन खेळलं तर यात तोच वजाबाकीचा दोष आहे. पाच पानांवर हुकूम बोलायचा तो एक क्षण सोडला तर पुढं सगळं माहीत असतं. म्हणून आमच्या घरी आम्ही टेबल मांडतो. हुकूम बोलून झाला की प्रत्येकानं आपल्यासमोर पाच पानं उपडी, न बघता, ओळीनं ठेवायची. मग त्या प्रत्येकावर एकेक पान उताणं. म्हणजे पाच हातात, पाच उपडी, पाच उघडी. खेळताना हातातलं किंवा उघडं कुठलंही पान टाकता येतं, आणि रंग द्यायचा नियम दोन्हींना मिळून लागू असतो. उघडं पान गेलं की तो हात संपल्यावर खालचं उलटायचं.

आता मोजा. मला माझी हातातली पाच दिसतात, माझी उघडी पाच आणि नवऱ्याची उघडी पाच. एकूण पंधरा. न दिसणारीही पंधराच: त्याच्या हातातली पाच आणि टेबलावरची उपडी दहा. यातली पाच पहिल्या प्रकारची, त्याला माहीत असलेली. दहा दुसऱ्या प्रकारची, दोघांनाही माहीत नसलेली.

एक डाव बारकाईनं बघू. आठ हात मला करायचे होते. पहिल्या पाचांत इस्पिकचा एक्का, राणी आणि अठ्ठी, शिवाय बदाम राजा आणि किलवर दश्शी. मी इस्पिक बोलले. टेबल मांडल्यावर माझ्यापुढं उघडी आली चौकट एक्का, चौकट नव्वी, बदाम गुलाम, किलवर राजा आणि इस्पिक नव्वी. त्याच्यापुढं इस्पिक गुलाम, बदाम एक्का, बदाम अठ्ठी, किलवर राणी, चौकट राजा.

हुकमाची पानं आठ. त्यांतली पाच मला दिसत होती. बाकी राजा, दश्शी आणि सत्ती. चिंता राजाची. तो न दिसणाऱ्या पंधरांपैकी कुठंही असू शकतो, म्हणजे नवऱ्याच्या हातात असण्याची शक्यता तीनांत एक, त्याच्या उपड्यांत असण्याची तेवढीच आणि माझ्या स्वतःच्या उपड्यांत असण्याचीही तेवढीच. चौघांच्या खेळात मुरलेला माणूस इथं घाबरतो आणि एक्का राखून ठेवतो. मी एक्क्याची उतारी केली, कारण मला पान जिंकण्यापेक्षा माहिती हवी होती. त्यानं उघडा गुलाम टाकला.

हातात दश्शी किंवा सत्ती असती तर त्यानं गुलाम कशाला घालवला असता? म्हणजे ती दोन्ही पानं त्याच्या हातात नाहीत, टेबलावर उपडी आहेत. राजाबद्दल मात्र काहीच कळलं नाही, कारण हातात राजा असता तरी त्यानं गुलामच दिला असता. एका उतारीनं दोन पानांचा पत्ता लागला आणि तिसऱ्याचा लागला नाही. हा फरक ओळखता येणं हेच या खेळातलं कौशल्य. गुलामाखालचं पान उलटलं तर किलवर एक्का निघाला. माझा उघडा किलवर राजा तिथंच दुबळा झाला.

दुसरी उतारी राणीची करायचा मोह होतो. राजा त्याच्या हातात असेल तर राणी मरते, नसेल तर मारायला त्याच्याकडे हुकूमच नाही आणि ती वाया जाते. म्हणून मी उघडा चौकट एक्का उतरवला. त्यात हात तर येतोच, वर माझं स्वतःचं एक उपडं पान मोकळं होतं. त्यानं हातातली चौकट अठ्ठी दिली आणि आपला उघडा राजा वाचवला. मी एक्क्याखालचं पान उलटलं. इस्पिक राजा! ज्याच्या भीतीनं मी दोन हात विचार केला तो माझ्याच पुढ्यात पालथा होता, आणि हे मलाही माहीत नव्हतं, त्यालाही नाही. दुसऱ्या प्रकारचं लपलेलं पान म्हणजे काय, ते यापेक्षा चांगलं सांगता येणार नाही.

तिथून पुढं डाव बराच सरळ झाला. हुकमाचा राजा, राणी, नव्वी, अठ्ठी माझी. दश्शी आणि सत्ती उरलेल्या आठ उपड्या पानांत. त्यामुळे घाई करायची ती उघडी पानं खेळण्याची, आणि हातातली पानं शेवटापर्यंत जपायची, कारण हातातली पानं हीच एक गोष्ट आहे जी मला माहीत आहे आणि त्याला नाही. नवखा माणूस नेमकं उलट करतो. हातातली मोठी पानं आधी संपवतो, आणि दहाव्या हाताला त्याच्याकडे फक्त उघडी पानं उरतात. समोरच्यानं ती आरामात मोजावीत. असं होताना दिसलं की समजावं, या माणसाला नियम येतात पण लपवणं अजून येत नाही.

आता गंमत अशी की हे पाच-पाच-पाच बदलता येतं. सात पानं हातात, चार उपडी, चार उघडी असं मांडा. दिसणारी पुन्हा पंधरा होतात, सात अधिक चार अधिक चार. न दिसणारीही पंधराच. एकूण अंधार तेवढाच राहतो, त्याचा वाटा बदलतो. आता समोरच्याला माहीत असलेली सात आणि कुणालाच माहीत नसलेली आठ. हुकूम तसाच पहिल्या पाचांवर बोलायचा, मग हातात दोन पानं अधिक घ्यायची. खेळ लगेच कठीण होतो, माणसावर अधिक जातो, नशिबावर कमी. दोघं सारखे तयार असतील तर हीच मांडणी घ्यावी. एक जण नवा असेल तर पाच-पाच-पाच.

सात-आठमध्ये ‘पान ओढणे’ ही एक रीत आहे: ठरल्यापेक्षा जितके हात जास्त केले तितकी पानं पुढच्या डावात समोरच्याच्या हातातून न बघता ओढायची आणि बदल्यात आपली नको असलेली द्यायची. तिघांत ही रीत शोभते, कारण तिसरा तोल सांभाळतो. दोघांत ती जिंकणाऱ्याला आणखी बळ देते, आणि फार तर तीन डावांत संध्याकाळ एकतर्फी होते. माझं मत स्पष्ट आहे, दोघांनी पान ओढू नये.

रमीचं काय, असं कुणीही विचारेल. रमीत मधली गड्डी हाच अंधार असतो, आणि तो दोघांनाही सारखा. पण आपली तेरा पानी रमी दोन कॅटची आणि जोकरांची. दोघंच असताना माझ्यापुढं तेरा पानं आणि एक उघडं, आणि नव्वदहून जास्त न दिसणारी. एवढ्या अंधारात समोरच्यानं उचललेल्या पानावरून काही काढता येत नाही, आपण फक्त आपली पानं जुळवत बसतो. एक कॅट आणि हातात दहा पानं एवढं केलं की तीच रमी वेगळी होते. न दिसणारी चाळीसेक, त्यांतली दहा त्याची, आणि डाव पुढं जाईल तशी गड्डी आटते. त्यानं किलवर नव्वी उचलली तर किलवर दश्शी त्याला द्यायची की नाही, हा प्रश्न खरा होतो. विकत मिळणाऱ्या खेळांत ‘जयपूर’ याच जातीचा आहे. सेबास्तियन पॉशाँचा, २००९ चा, फक्त दोघांसाठीच केलेला: ५५ पानं, बाजारात पाच उघडी, समोरच्याच्या हातात जास्तीत जास्त सात. त्याचं जमून येणं हे चित्रांत नाही, या प्रमाणात आहे.

दुसऱ्या टोकाला ‘हनीमून ब्रिज’ आहे. कोलकात्याला ब्रिजचं अगत्य मोठं. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पुरुष जोडीचं सुवर्णपदक मिळवणारे प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार इथलेच. दोघांच्या ब्रिजमध्ये पानं वाटतच नाहीत. ५२ ची गड्डी मधे उपडी. आपली पाळी आली की वरचं पान बघायचं. ठेवलं, तर पुढचं पान बघून उपडं टाकून द्यायचं. पहिलं नको असेल तर ते उपडं टाकायचं आणि दुसरं, काहीही निघो, ठेवायचं. गड्डी संपते तेव्हा प्रत्येकाकडे तेरा पानं असतात आणि प्रत्येकानं स्वतः टाकलेली तेरा त्याला माहीत असतात. मग नेहमीसारखी बोली आणि तेरा हात.

इथंही बरोबर अर्धी पानं दिसतात, २६, आणि २६ नाहीत. पण सात-आठशी मिळवून बघा: ही २६ च्या २६ पानं समोरच्याला माहीत आहेत. कुणालाच माहीत नाही असं एकही पान उरत नाही. म्हणून हा खेळ स्मरणशक्तीला भयंकर शरण आहे. आपण टाकलेली तेरा पानं ज्याला आठवतात तो जिंकतो. आमच्याकडे नवऱ्याला सगळी आठवतात, मला आठ-नऊ. बिघाड कसा ओळखायचा? बोलीच्या वेळी एकाला विचार करायला वेळ लागेनासा होतो आणि दुसरा अंदाजानं बोलू लागतो. तिथंच समजावं.

यावर गुण वाढवून देणं हा उपाय मला कधीच पटला नाही. उसने गुण घेऊन जिंकल्याचा आनंद होत नाही. उपाय अंधाराचाच करावा. जो तयार आहे त्यानं पहिलं पान ठेवलं, तर दुसरं न बघताच उपडं टाकायचं. एवढ्या एका बदलानं त्याची काही पानं कुणालाच माहीत नसलेल्यांत जाऊन पडतात. तो तितकाच चांगला खेळतो, पण त्याला आता थोडं कमी दिसतं. नियम सोपा आहे, भांडण होत नाही, आणि जिंकलेला डाव खरा वाटतो.

डमडमच्या हवेबद्दल दोन गोष्टी, कारण त्या सोडवल्याशिवाय इथं टेबल मांडून खेळताच येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कागदी पत्ते दमट होऊन एकमेकांना चिकटतात, पिसताना दोन-दोन जातात आणि उपडं पान उचलताना त्याच्या खालचंही येतं. पूर्ण प्लॅस्टिकचा कॅट घ्या, तो पुसता येतो. आणि एप्रिल-मेमध्ये पंखा बंद करता येत नाही, तेव्हा उघडी-उपडी पानं उडतात. जाड सुती चादर चौघडी करून तिच्यावर मांडली तर पानं पकडून राहतात. कालवैशाखीचं वादळ येऊन वीज गेली तर मेणबत्तीच्या उजेडात इस्पिक आणि किलवर सारखेच दिसतात, तेवढ्यापुरतं थांबावं.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर आजच एक कॅट घ्या, त्यातून दुर्रीपासून छक्कीपर्यंतची सगळी पानं आणि किलवर-चौकटच्या सत्त्या अशी २२ पानं काढून ठेवा, आणि उरलेल्या तिसांवर पाच-पाच-पाच मांडा. नवा माणूस जुन्याच्या बरोबरीनं डाव घेऊ लागला की सात-चार-चारवर जा. तेही दोघांना सोपं वाटू लागलं की काढून ठेवलेली २२ पानं परत मिसळून हनीमून ब्रिजला बसा.